दगडी कमानीची दाबरेषा मधल्या तृतीयांशात बसवताना: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

ओढ्यावर दोन मीटर रुंदीचा छोटा पूल बांधायचा आहे. घडीव दगडाची कमान, चुन्याचा मसाला, वर मातीमिश्रित खडीचा भराव. कमानीत सळई नाही, काँक्रीट नाही. त्यामुळे सगळा भरवसा एकाच गोष्टीवर: दगडांतून वाहणारा दाब कमानीच्या जाडीत नेमका कुठून जातो.

त्या मार्गालाच थ्रस्ट लाइन म्हणतात. मी दाबरेषा म्हणेन. ही रेषा जाडीच्या मधल्या तृतीयांशात असेल तर सांध्याचा प्रत्येक भाग दबलेला राहतो. त्याबाहेर गेली की सांध्याची दुसरी कड उघडू पाहते, कारण चुन्याला ताण घेता येत नाही असंच धरायचं असतं. ३० सेंमी जाडीच्या कमानीत रेषेला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ५ सेंमी मोकळीक मिळते. पुढचं सगळं काम या ५ सेंमीभोवती फिरणार आहे.

आकार असा ठरवला: मध्यरेषेची त्रिज्या २ मीटर, मध्यरेषेवर मोजलेला गाळा ३.२ मीटर, उंची ०.८ मीटर. हे माप मुद्दाम घेतलं. पायथ्याच्या कोनाचा साइन ०.८ आणि कोसाइन ०.६ येतो, त्यामुळे हातानं हिशेब करताना आकडे त्रास देत नाहीत. जाडी ३० सेंमी. माथ्यावर भराव २० सेंमी, आणि वरचा रस्ता सपाट.

५ नोव्हेंबर

आधी फक्त कायमचं वजन. एक मीटर रुंदीची पट्टी घेतली आणि अर्ध्या गाळ्याचे ४० सेंमीचे चार उभे काप पाडले. दगडकाम २२ आणि भराव १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरला. (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो.) माथ्याकडून पायथ्याकडे कापांची वजनं आली ४.१६, ४.८२, ६.२६ आणि ८.८७ किलोन्यूटन. शेवटचा काप पहिल्याच्या दुपटीहून जड आहे, कारण खांद्यावर भराव खोल होत जातो आणि तिरप्या दगडाची उभी जाडीही वाढते.

आता रेषा माथ्याच्या मधून आणि पायथ्याच्या मधून जाते असं धरलं. चारही वजनांचा पायथ्याभोवतीचा आघूर्ण, म्हणजे प्रत्येक वजन गुणिले त्याचं पायथ्यापासूनचं आडवं अंतर यांची बेरीज, १६.१७, त्याला उंची ०.८ नं भागलं की आडवा दाब २०.२ किलोन्यूटन. मग प्रत्येक कापाच्या सीमेवर रेषा माथ्याच्या किती खाली आहे ते काढलं. गाळ्याच्या चौथाईवर मध्यरेषा १६७ मिमी खाली, दाबरेषा १७१ मिमी. पायथ्यापासून ४० सेंमीवर मध्यरेषा ४०० मिमी, दाबरेषा ४११ मिमी. म्हणजे ५० मिमीची मुभा असताना रेषा जेमतेम एक सेंमी हलते आहे.

मिस्त्री कागद बघून म्हणाले, "साहेब, मग झालंच की. फर्मा लावायला घेऊ?" तसं वाटणं साहजिक आहे. पण नुसतं स्वतःचं वजन पेलताना अशा बेताच्या चापाची कमान सहसा बिघडत नाहीच. खरी परीक्षा एका बाजूला चाक उभं राहिल्यावर.

८ नोव्हेंबर

पुलावरून भरलेला ट्रेलर जाणार. एका आसावर तीन टन, दोन चाकं, प्रत्येक चाक आपापल्या एक मीटर पट्टीवर. म्हणजे पट्टीला १५ किलोन्यूटन. हा भार डाव्या चौथाईवर ठेवला, पायथ्यापासून ८० सेंमीवर. भरावातून चाकाचा भार पसरतो, पण तो फायदा सध्या मोजत नाही. तो हातचा राखलेला बरा.

इथे एक युक्ती कामाची आहे. कमान विसरून तेवढ्याच गाळ्याची साधी तुळई समजायची आणि प्रत्येक बिंदूवरचा वाकवणारा आघूर्ण काढायचा. त्याला आडव्या दाबानं भागलं की पायथ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून दाबरेषेची उंची मिळते. भाराखाली आघूर्ण २१.७१, माथ्यावर २२.१७, उजव्या चौथाईवर १५.७१ किलोन्यूटन-मीटर.

परवासारखीच रेषा दोन्ही पायथ्यांच्या आणि माथ्याच्या मधून नेली. आडवा दाब २७.७ आला. भाराखाली रेषा मध्यरेषेपेक्षा १५० मिमी उंच गेली. सांध्याला काटकोनात मोजलं तर १३८ मिमी. कमानीची बाहेरची कड आहे १५० मिमीवर. उजव्या चौथाईवर तीच रेषा आतल्या बाजूला ६१ मिमी सरकलेली. मधल्या तृतीयांशाचं तर सोडाच, रेषा दगडाबाहेर पडायला १२ मिमी शिल्लक होते.

हा आकडा बघून कमान जाड करायला धावू नये. माथ्याच्या आणि पायथ्यांच्या बरोबर मधून रेषा जावी असं कमानीला कुणी सांगितलेलं नाही. तिथे बिजागऱ्या असत्या तर ती सक्ती असती. दगडाच्या अखंड कमानीत तीन गोष्टी मोकळ्या असतात: आडवा दाब, डाव्या पायथ्यावर रेषेची जागा आणि उजव्या पायथ्यावर रेषेची जागा. वर काढलेली रेषा म्हणजे असंख्य शक्य रेषांपैकी एक, आणि तीही वाईट निवडलेली.

११ नोव्हेंबर

आकड्यांवर डोळे झाकून विसंबण्याआधी दोरा टांगून बघायचं ठरवलं. लोंबती साखळी उलटी केली की कमानीची दाबरेषा मिळते हे रॉबर्ट हुक यांनी १६७० च्या दशकात सांगितलेलं. फळीवर चौथाई मापात कमान उलटी काढली, पायथ्यांच्या जागी खिळे ठोकले आणि एका किलोन्यूटनला २० ग्रॅम या हिशेबानं वाळूच्या पुड्या लावल्या: ८३, ९६, १२५ आणि १७७ ग्रॅम, दोन्ही बाजूंना. चाकासाठी ३०० ग्रॅम.

साखळी वापरू नये. तिचं स्वतःचं वजन हिशेबात नसतं आणि एवढ्या हलक्या पुड्यांपुढे ते जाणवतं. पातळ दोरा घेतला.

कायमच्या वजनाखाली दोरा काढलेल्या मध्यरेषेवर इतका चोख बसला की मिस्त्रींनी दोनदा वाकून पाहिलं. चाकाची पुडी लावल्यावर मात्र दोरा डावीकडे ओढला गेला आणि त्याबरोबर सगळ्या गाठी बाजूला सरकल्या. खऱ्या कमानीत भरावाचे काप जागेवरच असतात, इथे वजनंच हलली, म्हणून येणारी रेषा खोटी. प्रत्येक गाठ तिच्या उभ्या रेषेवर परत आणायची, तर एक सुधारली की शेजारची हलते. यात अख्खी दुपार गेली. शेवटी गाठींऐवजी दोऱ्यावर सरकणारे छोटे आकडे लावले आणि ते जागेवर आणून चिमट्यानं धरले, तेव्हा जमलं.

एवढ्या खटाटोपातून एक गोष्ट डोळ्यांना दिसली ती आकड्यांत पटकन दिसत नाही. डावा खिळा थोडा आतल्या कडेकडे आणि उजवा बाहेरच्या कडेकडे सरकवला, दोरा किंचित आखूड केला, की भाराखालचा फुगवटा झपाट्यानं कमी होतो. म्हणजे कमान एका बाजूचा भार पेलते ती रेषा थोडी तिरपी करून.

१४ नोव्हेंबर

दोऱ्यानं दाखवलं ते आता हिशेबात. रेषेची उंची अशी मांडली:

```
y = M/H + a + b*x
```

`x` माथ्यापासून मोजलेलं आडवं अंतर, `M` तुळईचा आघूर्ण, `H` आडवा दाब. `a` नं अख्खी रेषा वर-खाली होते आणि `b` नं ती तिरपी होते. `y` आणि मध्यरेषा यांतला फरक कोनाच्या कोसाइननं गुणला की सांध्यावरचं सरकणं मिळतं. आता `H`, `a`, `b` असे शोधायचे की सगळ्या सांध्यांवर मिळून सर्वांत मोठं सरकणं शक्य तेवढं लहान व्हावं.

शोध आंधळेपणानं करावा लागत नाही. चांगली रेषा चार ठिकाणी कडेकडे झुकते, आणि तीही आलटूनपालटून: डाव्या पायथ्यावर आत, भाराखाली बाहेर, माथ्याच्या पलीकडे उजवीकडे आत, उजव्या पायथ्यावर बाहेर. चारही ठिकाणी सरकणं सारखं झालं की याहून चांगली रेषा नाही असं समजायचं. माझ्या आकृतीत उजवीकडची नाजूक जागा चौथाईवर नव्हती, माथ्यापासून ४० सेंमीवर होती. म्हणून फक्त चौथाया तपासून थांबू नये. फक्त दोन चौथाया धरून उत्तर ५३ मिमी येत होतं, हा सांधा धरल्यावर ते ५७ झालं.

तर ५७ मिमी, आडवा दाब २९.३. परवाच्या १३८ च्या मानानं कितीतरी बरं, पण मर्यादा ५० ची. अशी कोणतीही रेषा नाही जी तीन टनांच्या आसाखाली या कमानीच्या मधल्या तृतीयांशात राहील.

याचा अर्थ पूल पडेल असा नाही. ५७ मिमी सरकल्यावर ३०० पैकी २७९ मिमी सांधा दबलेला राहतो, जास्तीत जास्त २१ मिमी उघडू शकतो. कोसळायला रेषा चार ठिकाणी थेट कडेला टेकावी लागते. अभियंते जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये हीच बाजू नीट मांडली: दगडात कुठेतरी बसणारी एक रेषा सापडली की कमान उभी राहते. मग मी मधल्या तृतीयांशाचा हट्ट का धरतो? कारण चाक रोज जाणार आहे. प्रत्येक फेरीला सांधा केसभर उघडला आणि मिटला की चुना भुगा होऊन गळतो, वरून पाणी शिरतं, आणि दोन पावसाळ्यांनी जाडी ३० सेंमी उरत नाही. एकदाच भार येणार असता तर मी ५७ वर समाधान मानलं असतं.

१७ नोव्हेंबर

दोन रस्ते तपासले.

पहिला, कमान ३५ सेंमी जाड करणं. वजन थोडं वाढलं, सरकणं ५३ मिमीवर आलं आणि मुभा ५८ मिमी झाली. बसतं.

दुसरा, कमानीला हात न लावता माथ्यावरचा भराव २० वरून ४० सेंमी करणं. सरकणं ४६ मिमी, मुभा तीच ५०. हेही बसतं.

मिस्त्रींना दुसरा पर्याय पटेना. "कमानीला भार जड होतोय म्हणता, आणि वर आणखी माती टाकता?" त्यांचं म्हणणं तुळईला लागू पडतं. कमानीत मात्र घाबरायचं असतं ते एकांगी भाराला. चाक रेषेला एका बाजूला ओढतं, आणि दोन्हीकडे सारखं असलेलं वजन तिला मध्यावर धरून ठेवतं. कायमचं वजन जितकं जास्त, तितका चाकाचा वाटा लहान. दगड चिरडायची भीती इथे नाहीच. सर्वांत जास्त दाब डाव्या पायथ्यावर, सुमारे ५५ किलोन्यूटन, म्हणजे सरासरी ०.१८ मेगापास्कल. रेषा मधल्या तृतीयांशाच्या टोकाला असली तरी कडेवर त्याच्या दुप्पट. घडीव दगडाचं काम याच्या कितीतरी पट सोसतं.

दगड ३० सेंमीचे घडवून तयार आहेत, त्यामुळे भराव वाढवायचं ठरलं. याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागणार: आडवा दाब २९.३ वरून ३४.९ झाला. तो पायथ्याच्या मागच्या अबटमेंटला, म्हणजे कमान टेकते त्या टोकाच्या बांधकामाला, सोसायचा आहे.

१८ नोव्हेंबर

हाताचा हिशेब एकदा छोट्या प्रोग्रामनं ताडून पाहिला. उत्तरं मिलिमीटरमध्ये, धन म्हणजे बाहेरच्या कडेकडे.

```python
R, f = 2.0, 0.8
M = {-1.2: 14.39, -0.8: 25.17, 0.0: 26.78,
     0.4: 24.16, 0.8: 19.17, 1.2: 11.39}
H, b = 34.86, 0.0482
for x, m in M.items():
    z = (R*R - x*x)**0.5
    y = m/H + b*x - (z - (R - f))
    print(x, round(1000*y*z/R))
```

क्रमानं -३६, ४६, -३२, -४६, -४१, -१२. दोन्ही पायथ्यांवर रेषा ४६ मिमी सरकलेली आहेच, ती `b` मधून आली. भार २० सेंमी पायथ्याकडे नेला तर ४३ मिमी, २० सेंमी माथ्याकडे नेला तरी ४६. म्हणजे चौथाईची जागा बरोबर निवडली होती.

भरावाचा १८ हा आकडा मात्र खात्रीचा नाही. सैल पडला तर १६ भरू शकतो. १६ धरून पुन्हा केलं तर ४९ मिमी. एक मिलिमीटर उरला! म्हणून भराव थर देऊन धुम्मस करायचा, नुसता ओतायचा नाही, हे मिस्त्रींशी बोलून पक्कं केलं.

२४ नोव्हेंबर

अबटमेंटसाठी चाक माथ्यावर हवं, चौथाईवर नाही. माथ्यावरचा भार दोन्हीकडे सारखा ढकलतो. रेषा इथे ४० मिमीतच बसते, पण आडवा दाब ४२.४ होतो. कमानीला सर्वांत वाईट जागा एक आणि अबटमेंटला दुसरी, हे लक्षात ठेवावं.

अबटमेंटचा तळ १.४ मीटर लांब, पायथ्याच्या मध्यापासून ५० सेंमी खाली, असा खड्डा आधीच खणून ठेवला होता. तळावर येणारं एकूण उभं वजन ८२ किलोन्यूटन. हे वजन आणि आडवा दाब यांची बेरीज तळाच्या मध्यापासून १० सेंमीवर पडते, तळाच्या मधल्या तृतीयांशाची मुभा २३ सेंमी. उलटण्याचा प्रश्न नाही. प्रश्न घसरण्याचा. दगड आणि माती यांतलं घर्षण ०.५ धरलं तर अडवणारं बळ ४१, ढकलणारं ४२.४. मागच्या मातीचा आधार मी मोजलेला नाही, तरीही हे चालणार नाही. मला दीडपट हवं.

नुसत्या वजनानं दीडपट गाठायची तर तळ जवळजवळ २.७ मीटर लांब करावा लागतो. त्याऐवजी तळ मागच्या बाजूला १० अंश चढता केला. आता अबटमेंटला घसरायचं तर स्वतःचं वजन आडवं येतं: चढावर ढकलणारं बळ २७.५ उरतं आणि अडवणारं ४४ होतं. १.६ पट, तळाची लांबी तेवढीच. ओढ्याकडच्या टोकाला २५ सेंमी जास्त खणावं लागलं आणि सपाट केलेला तळ पुन्हा तासावा लागला. माती भिजलेली नव्हती म्हणून एका दिवसात निभावलं. भर टाकून उतार करायचा नाही, मूळ घट्ट जमीनच तासायची.

अबटमेंट सरकलं तर वरचा सगळा हिशेब वाया जातो, म्हणून इथे एवढा वेळ दिला. या आकाराच्या कमानीत पायथे जितके मिलिमीटर फाकतील, साधारण तितकेच मिलिमीटर माथा खाली येतो. उंची गाळ्याच्या चौथाई असल्यानं हे सोपं प्रमाण पडतं. कमान चपटी असेल तर माथा त्याहून जास्त उतरतो.

१२ डिसेंबर

फर्म्यावर कमान पूर्ण झाली. दगड दोन्ही पायथ्यांकडून बरोबरीनं चढवले, माथ्याचा दगड शेवटी. सांधे सगळे त्रिज्येच्या दिशेला आहेत का, हे मध्यबिंदूला बांधलेल्या तारेनं तपासत होतो. उजव्या बाजूचे दोन दगड तिरपे बसले होते, काढून परत लावले. घसरण्याच्या दृष्टीनं वाईट जागा उजवा पायथा आहे: चौथाईवर भार असताना तिथे दाब सांध्याच्या काटकोनापासून साडेदहा अंश कलतो. घर्षणाला हे जड नाही, पण सांधाच आणखी तिरका असेल तर ती मुभा फुकट जाते.

चुना आहे, घाई नाही. फर्मा राहू दे.

२८ जानेवारी

फर्म्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या, सगळ्या सारख्या सैल केल्या. माथा ४ मिमी खाली आला. पायथ्यांमधलं अंतर काठीनं मोजलं तर १ मिमी वाढलेलं. वरच्या प्रमाणानं त्यातला एकच मिलिमीटर फाकण्याचा, बाकी चुन्याचे सांधे दबले. चारही मिलिमीटर फाकण्यातून आले असते तर मी भराव थांबवला असता.

नुसत्या कमानीची रेषा आधी काढून ठेवली होती. भराव नसताना ती खांद्यावर आतल्या बाजूला २८ मिमी सरकते. ठीक.

४ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचलो. खडीची गाडी डाव्या बाजूलाच लागली आणि गड्यांनी सोयीनं डावीकडेच भरायला सुरुवात केली. मी पोहोचलो तेव्हा डावा खांदा बराच झाकलेला आणि उजवा कोरा. तिथेच थांबवलं आणि घमेली उजवीकडे वळवली. नंतर बसून हिशेब केला: डावा अर्धा भाग पुरता भरला आणि उजवा रिकामा राहिला, तर वर एकही चाक नसताना रेषा ४८ मिमी सरकते. त्यावर कुणी धुम्मस चालवली की मर्यादा ओलांडली.

आता २० सेंमीचा थर डावीकडे, मग तेवढाच उजवीकडे, मग ठोकणं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खडूनं थरांच्या खुणा केल्या. मिस्त्री म्हणाले, "खुणा आहेत तोवर मी बघतो, तुम्ही दुसरं काम करा."

१९ फेब्रुवारी

भाराची चाचणी. सांधा कुठे उघडेल हे दाबरेषेवरूनच कळतं: रेषा ज्या कडेला जाते त्याच्या समोरची कड उघडते. भाराखाली रेषा बाहेर जाते, म्हणून तिथे कमानीच्या पोटाकडचा सांधा. उजव्या पायथ्यावरही रेषा बाहेर, म्हणून तिथेही पोटाकडून. डावा पायथा आणि माथ्याच्या उजवीकडचा भाग वरून उघडणार, पण ते भरावाखाली झाकलेले, दिसणार नाहीत. म्हणून ज्या दोन जागा दिसतात तिथे सांध्यावर जिप्समचे पातळ पट्टे लावून सुकवले होते. जिप्सम ठिसूळ असतं, केसभर हालचालीलाही तडकतं.

ट्रेलर मोजून भरला आणि आस डाव्या चौथाईवर तासभर उभा ठेवला, मग उजव्या. पट्टे शाबूत. माथ्याखाली लावलेल्या काठीवर एक मिलिमीटरही फरक दिसला नाही. भार पसरतो तो फायदा आपण मोजला नव्हता, त्यामुळे खरी रेषा ४६ च्या आतच असणार.

भार किती वाढवता येईल तेही उलट काढून ठेवलं. सरकणं ५० मिमीला टेकतं ते पट्टीला १६.६ किलोन्यूटन असताना, म्हणजे आसाला सव्वातीन टनांच्या किंचित वर. तीन टनांवर दहा टक्केच. शिवाय कधी पाइप टाकायला कुणी भराव उकरून २० सेंमीवर आणला तर पुन्हा ५७ मिमीवर येऊ. पुलाच्या दोन्ही टोकांना आसाला तीन टनांची पाटी लावली, आणि कठड्याच्या दगडावर भरावाची पातळी कोरून घेतली.